प्रतिसाद: आक्षेप आणि अंतरिम आदेश

‘रुईच्या गाठींची विक्री थांबवण्याच्या अंतरिम आदेशाला विरोध केला, तर आमचा अधिकारक्षेत्राचा आक्षेप बुडेल का?’

बुडत नाही, पण क्रम सांभाळावा. तुमच्या मूटमधील, म्हणजे सराव-खटल्यातील, यवतमाळच्या जिनिंगवाल्याने १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम १६ खालील अधिकारक्षेत्राचा आक्षेप बचावाचे निवेदन दाखल होईपर्यंत लेखी घ्यावा आणि अंतरिम आदेशाच्या कलम १७ वरील युक्तिवाद ‘आक्षेपास बाधा न येता’ असे स्पष्ट नोंदवून करावा. लवाद नेमण्यात भाग घेतल्यानेही तो हक्क जात नाही.

दावेदार व्यापाऱ्याची बाजू मला अधिक अवघड वाटते. लवादाचा करार प्रथमदर्शनी दाखवता येईल, परंतु रुईच्या गाठी बाजारात पुन्हा मिळतात, म्हणजे नुकसान पैशाने भरून निघते, या उत्तरापुढे विक्रीबंदीचा आग्रह टिकणे कठीण. म्हणून पर्यायाने वादातील रकमेची हमी मागावी.