उत्तर: 'डू द नीडफुल' चुकीचं आहे का?

"प्लीज डू द नीडफुल हे व्याकरणाने चूक आहे का? मेलमध्ये लिहावं की नाही?"

व्याकरणात काहीच चूक नाही. 'नीडफुल' हे विशेषण, पण आधी 'द' लागला की ते नामासारखं चालतं, जसं 'द पुअर' म्हणजे गरीब लोक. हा प्रयोग आपला शोधही नाही. तो जुन्या ब्रिटिश इंग्रजीतला, तिकडे मागे पडला आणि भारतातल्या कचेऱ्यांत टिकला. म्हणून बाहेरच्या वाचकाला तो जुनाट वाटतो, कुणाला थोडा हुकमीही.

खरी अडचण अर्थाची आहे. आपलं 'योग्य ती कार्यवाही व्हावी' जसं, तसंच हे: काय करायचं ते समोरच्याने ओळखायचं. मी एकदा बिल जोडून एवढंच लिहिलं होतं. मला पैसे हवे होते, समोरच्याने बिल तपासून फाइलला लावलं. आठवड्याने विचारलं तर उत्तर आलं, "केलं की!" आता मी लिहितो: 'प्लीज अप्रूव्ह द अटॅच्ड इनव्हॉइस फॉर पेमेंट बाय फ्रायडे.' काम कोणतं आणि कधीपर्यंत, दोन्ही आलं.

रोजचं ठरलेलं काम असेल आणि वाचणारा आपल्याच ऑफिसातला असेल, तर 'नीडफुल' खुशाल लिहा. त्यापेक्षा 'काइंडली रिव्हर्ट' जपून वापरा. 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे. परदेशी माणसाला फाइलमधले बदल दाखवून असं लिहिलंत, तर तो बदल रद्दही करून टाकेल. तिथे सरळ 'रिप्लाय' लिहावं.