सबजंक्टिव्हची सुरुवात तक्त्यापासून की ‘एस्पेरो के’पासून?

गिरणाकाठ : स्पॅनिशच्या बी-१ पदविकेची तयारी करणाऱ्यांना क्रियापदाचे सबजंक्टिव्ह रूप इच्छा, शंका आणि भावना यांपासून शिकवणे ही मला पळवाट वाटते. आधी सगळी रूपे आणि वापराचे नियम पक्के करावेत, वाक्ये त्यामागून येतातच. जळगाव-भुसावळकडची मी पाहिलेली मुले ‘एस्पेरो के’ म्हणजे ‘मला आशा आहे की’ याच्या पुढे दोन वाक्ये धड लिहू शकत नाहीत.

पांझरा : मी धुळ्यात स्पॅनिश शिकवते आणि आपले म्हणणे वाचून गप्प बसवले नाही. ‘जिथे अनिश्चितता तिथे सबजंक्टिव्ह’ हा नियम पहिल्या दिवशी पाठ केलेला विद्यार्थी ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’ म्हणजे ‘तू इथे आहेस याचा मला आनंद आहे’ या वाक्यापाशी अडतो. मैत्रीण समोर उभी आहे, तिच्या येण्यात अनिश्चित काहीच नाही, तरीही ‘एस्तास’ न येता ‘एस्तेस’ येते. याचे कारण असे की बोलणारा ‘तू इथे आहेस’ ही बातमी देत नाही, ती गोष्ट धरून चालतो आणि तिच्याबद्दल आपल्याला काय वाटते तेवढेच सांगतो. ही जाण वाक्ये हाताळल्याशिवाय येत नाही.

परीक्षेतले लेखनाचे पहिले काम पाहा. शंभर ते एकशेवीस शब्दांचे पत्र असते. समजा, मैत्रिणीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे आणि तिने भेटायला बोलावले आहे. उत्तरात आनंद, सदिच्छा आणि येण्याबद्दलची शंका ही तिन्ही आपसूक येतात: ‘मे आलेग्रो दे के तेंगास त्राबाखो’, ‘एस्पेरो के ते गुस्ते ला सिउदाद’, ‘नो क्रेओ के प्वेदा इर एन आगोस्तो’. या तीन वाक्यांमागे रूपांचा नियमही एकच आहे: ‘यो’चे रूप घ्यावे, शेवटचा ‘ओ’ काढावा आणि स्वर उलटा लावावा, म्हणजे ‘तेंगो’चे ‘तेंगा’ होते. ‘सेआ’, ‘एस्ते’, ‘बाया’, ‘आया’, ‘सेपा’, ‘दे’ ही सहा वेगळी रूपे गरज पडेल तशी शिकवता येतात. त्यासाठी आधी महिनाभर तक्ता घोकायला लावण्याचे कारण मला दिसत नाही.

सातपुडा : भावनांचा गट मुळात अपवाद म्हणून वेगळा ठेवावा, म्हणजे गोंधळच उरणार नाही. बाकी सगळीकडे शंका किंवा नकार दिसला की सबजंक्टिव्ह लावावा. ‘तो येतो असे वाटते’ हे ‘क्रेओ के ब्येने’, पण ‘तो येतो असे वाटत नाही’ हे ‘नो क्रेओ के बेंगा’. मी याच नियमावर उत्तीर्ण झालो.

पांझरा : ‘नो क्रेओ’पुरते आपले बरोबर आहे. परंतु ‘नो से सी ब्येने’ म्हणजे ‘तो येतो की नाही ठाऊक नाही’ या वाक्यात नकारही आहे आणि पूर्ण शंकाही आहे, तरी तिथे साधे रूपच येते. आपला नियम लावणारा विद्यार्थी तिथे हमखास ‘बेंगा’ लिहितो.

अनेरकाठ : मूळ प्रश्न बाजूला राहिला तरी चालेल, पण मला हे बोललेच पाहिजे. मी चोपड्याकडचा, मराठी माध्यमात शिकलेला. मोठ्या शहरातल्या एका वर्गात सगळे काही इंग्रजीतून समजावत. इंग्रजीत सबजंक्टिव्ह जवळजवळ उरलेलाच नाही, त्यामुळे ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हे स्पॅनिशमध्ये सांगताना सगळा वर्ग इंग्रजीच्या वळणाने ‘कियेरो तू बेनीर’ लिहीत असे. मला ते सरळ दिसत होते: ‘यावेस’ हा आपला विध्यर्थ आहे आणि ‘कियेरो के बेंगास’मध्ये नेमके तेच घडते. मी हे बोलून दाखवले तेव्हा मराठी मध्ये आणू नये असे मला सुनावण्यात आले. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि स्पॅनिशसाठी मात्र आधी इंग्रजी ओलांडा, हा कोणता न्याय आहे?

गिरणाकाठ : आपला राग समजतो, पण हा धागा माध्यमाचा नाही. शिवाय मराठीवर विसंबणाऱ्यांची फसगत मी जवळून पाहिली आहे. ‘तू आलास याचा आनंद झाला’ हा आपल्याकडे क्रियापदाचा स्वार्थ, म्हणजे साधे विधान आहे, म्हणून मुले आनंदाच्या वाक्यातही साधेच रूप ठेवतात. ‘तो येईल असे वाटत नाही’ यात भविष्यकाळ असतो, म्हणून ती ‘नो क्रेओ के बेंद्रा’ लिहितात. मराठीचा आधार तीनपैकी एकाच गटात टिकतो.

अनेरकाठ : एका गटात टिकतो ना? मग निदान त्या गटात तरी तो घेऊ द्या! इंग्रजी एकाही गटात टिकत नाही, तरी तिच्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

पांझरा : अनेरकाठ यांचा मुद्दा मला मनापासून पटतो आणि इच्छेपासून सुरुवात करण्याचे माझे मुख्य कारणही तेच आहे. मात्र विध्यर्थाचाही एक सापळा आहे. ‘तो घरी असावा’ हा आपल्याकडे अंदाज असतो, तर स्पॅनिशमध्ये तिथे ‘सुपोंगो के एस्ता एन कासा’ असे साधे रूपच लागते. म्हणून मी ‘मला हवे आहे’ या अर्थाचा विध्यर्थ तेवढा घ्यायला सांगते, अंदाजाचा नाही.

तसेच आपल्याकडे कर्ता एक असो वा दोन, वाक्यरचनेचा फरक विद्यार्थ्याच्या मनात ठसलेला नसतो. ‘एस्पेरो के प्वेदास बेनीर’ म्हणजे तुला येता यावे, पण स्वतःबद्दलची आशा सांगताना ‘एस्पेरो पोदेर इर’ असेच म्हणावे लागते, तिथे ‘के’ नको. ‘नो क्रेओ के प्वेदा इर’मध्ये मात्र कर्ता एकच असूनही ‘के’ चालतो. हे दोन्ही शेजारी ठेवून लिहून घेतले नाही तर चूक जात नाही.

गिरणाकाठ : हे सगळे मान्य केले तरी आपल्या पद्धतीचा खरा दोष तसाच राहतो. सुरुवातीचे कितीतरी दिवस ‘के’ आला की सबजंक्टिव्ह, अशीच वाक्ये कानांवर पडत असल्याने मुले ‘के’लाच खूण समजतात आणि मग ‘क्रेओ के बेंगा’ असे बिनधास्त लिहितात. वाचनाच्या पाचव्या कामात सहा रिकाम्या जागा असतात आणि प्रत्येकीला तीन पर्याय असतात. तिथे ‘आब्ला’ आणि ‘आब्ले’ समोरासमोर आले की पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडत नाहीत.

पांझरा : ही खूण-चूक खरी आहे आणि ती मला माझ्याही वर्गात दिसते. म्हणून शंकेचा गट आला की मी एकटे ‘नो क्रेओ’ कधीच देत नाही, ‘क्रेओ के युएबे’ आणि ‘नो क्रेओ के युएबा’ ही जोडीच देते. चूक शोधायची रीतही सोपी आहे: विद्यार्थ्याच्या वहीत ‘क्रेओ के’, ‘से के’, ‘एस बेरदाद के’ यांच्यापुढे काय आहे ते पाहावे. तिथे सबजंक्टिव्ह सापडला तर तो अर्थ न बघता ‘के’ बघून लिहीत आहे हे निश्चित.

गिरणाकाठ : जोड्या द्याव्यात, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. तक्ता मात्र मी सोडणार नाही.

यावलकर : इतका वेळ फक्त वाचत होतो. ‘दिसे के ब्येने’ म्हणजे ‘तो येतोय असे म्हणतो’ आणि ‘दिसे के बेंगा’ म्हणजे ‘ये, असे म्हणतो’. क्रियापद तेच, ‘के’ तोच. हे तीनपैकी कोणत्या गटात बसवायचे?

पांझरा : दुसरे वाक्य इच्छेच्या गटात. कोणाला तरी ये म्हणणे म्हणजे त्याने यावे अशी इच्छा व्यक्त करणेच आहे.

गिरणाकाठ : आणि ‘दिसे’ हा शब्द पाहून ती इच्छा आहे हे विद्यार्थ्याला कळणार कसे? जिथे शब्दावरून गट ठरत नाही, तिथे नियमच लागतो. माझे भांडण पहिल्यापासून याच जागेसाठी आहे.

पांझरा : शब्दावरून ठरत नाही, वाक्याच्या हेतूवरून ठरते. हेतू ओळखण्याची सवय तक्त्यातून लागत असेल, तर आपल्या वर्गातली अशी चार वाक्ये इथे मांडा, मी माझी मांडते.