मदत हवी आहे: कट आला की स्वॅप केलेला चेहरा सरकतो (कुस्तीचा सीन)

आडवा_डाव
शॉर्टफिल्म आहे, कोल्हापुरातल्या एका तालमीत शूट केली. हिरोला कुस्ती येत नाही, म्हणून लढतीत एक पैलवान घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर हिरोचा चेहरा बसवतोय. शॉटच्या मधोमध झकास दिसतं. पण कट आला की चेहरा जागेवर नसतो, तरंगत तरंगत येऊन बसतो. शिवाय प्रत्येक शॉटमध्ये हिरोचा रंग वेगळाच. या आठवड्यात साऊंडवाल्याला पिक्चर लॉक करून द्यायचंय. काय करू? लवकर सांगा.

शाहूपुरी_टॉकीज
भावा, रिझॉल्व्हमधला डीफ्लिकर मार, विषय संपला. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत हॉलचे एलईडी लुकलुकत होते, एका झटक्यात गेलं.

पंचगंगा_कंपोझिट
डीफ्लिकर उजेडाची लुकलुक काढतो, सरकलेला चेहरा जागेवर आणत नाही. आडवा_डाव, आधी एवढं सांगा: स्वॅप कशाने करताय? कच्च्या क्लिपवर की एडिट झालेल्या फायलीवर? आणि चेहरा सरकतो तो कटच्या आधीपासून, की फक्त नंतर?

आडवा_डाव
मित्राने लिहिलेली पायथन स्क्रिप्ट आहे. चेहरा शोधते, बसवते, आणि थरथर नको म्हणून पॉइंट स्मूथ करते. एडिट झालेली फाईल, पंचवीस फ्रेमची. आधी की नंतर याने काय फरक पडतो?

गुळाची_ढेप
ज्याचा चेहरा वापरताय त्याची परवानगी आहे का? आणि ज्याचा झाकताय त्याची?

आडवा_डाव
दोघांच्या सह्या आहेत. पैलवानाचं नाव टायटलमध्येही येणार. आता मूळ प्रश्नाकडे या.

पंचगंगा_कंपोझिट
फरक पडतो, कारण त्यावरूनच रोग कळतो. स्मूथिंग पुढच्या-मागच्या दोन्ही फ्रेम बघत असेल, तर चेहरा कटच्या आधीच सुटायला लागतो. फक्त मागच्या फ्रेमचं ओझं वाहत असेल, तर आधी सगळं ठीक असतं आणि कटनंतर हळूहळू जागेवर येतं. एक-एक फ्रेम पुढे नेऊन बघा.

आडवा_डाव
बघितलं. आधी एकदम बरोबर. कटनंतर सात-आठ फ्रेम गंडतो, मग बसतो. स्क्रिप्टमध्ये 0.8 असा आकडा आहे.

पंचगंगा_कंपोझिट
मग सापडलं. 0.8 म्हणजे प्रत्येक फ्रेमला जुन्या जागेचे ऐंशी टक्के आणि नव्या जागेचे वीस. कटनंतर पाचव्या फ्रेमला जुन्या शॉटचा एक-तृतीयांश हिस्सा उरलेला असतो, आठव्या फ्रेमलाही सहावा. स्क्रिप्टला कट झाल्याचं माहीतच नाही. तिला वाटतं पैलवान पडद्याच्या डाव्या बाजूने उजवीकडे धावत गेला. कटच्या फ्रेमवर जुनी आठवण पुसा:

```python
if frame_no in cuts:
    prev = None
pts = lm if prev is None else 0.8 * prev + 0.2 * lm
prev = pts
```

तसंही कुस्तीला 0.8 फार जड आहे. पट काढताना चेहरा मागेच राहील. 0.4 पासून सुरू करा.

शाहूपुरी_टॉकीज
आणि कट हाताने शोधत बसू नकोस रे. हे चालव, सगळे कट काढून देतं:

```
scenedetect -i jod.mp4 detect-content list-scenes
```

पंचगंगा_कंपोझिट
सगळे नाही देणार. ते शेजारच्या दोन फ्रेमचे रंग आणि उजेड ताडून बघतं. इथे दोन्ही शॉटमध्ये तीच तांबडी माती, तीच भिंत, तेच दोन लंगोट. मूळची मर्यादा 27 आहे, तेवढा फरक अशा कटला पडेलच असं नाही. `-t 18` वगैरे देऊन खाली आणा. मग एखादा खोटा कटही सापडेल, पण त्याने फक्त एका फ्रेमचं स्मूथिंग जातं. खरा कट सुटला तर चेहरा तरंगतो.

आणि मुळात टाइमलाइन तुमच्याकडेच असताना शोधायचं कशाला? ईडीएल काढा, त्यात कट नेमके मिळतात. शोधलेलीच यादी वापरणार असाल तर तिच्या सीएसव्हीत फ्रेम एकपासून मोजतात आणि तुमची स्क्रिप्ट बहुधा शून्यापासून. एक वजा केला नाही तर प्रत्येक शॉटची पहिली फ्रेम बिघडलेलीच राहील.

आखाडा७२
कुठल्या तालमीत शूट केलं? बूट घालून मातीत गेला नाहीत ना?

आडवा_डाव
नाही हो काका, अनवाणीच होतो सगळे.
@पंचगंगा, सरकणं थांबलं! 0.4 वर छान बसतंय. पण रंगाचं जैसे थे. एका शॉटमध्ये हिरो गोरा, पुढच्यात गाजरासारखा.

पंचगंगा_कंपोझिट
गाजर झालेल्या शॉटमध्ये पैलवानाच्या तोंडाला माती लागलेली आहे का?

आडवा_डाव
सगळ्या तोंडाला. कुस्तीच ती.

पंचगंगा_कंपोझिट
मग स्क्रिप्ट तिचं काम इमानाने करतेय. ती पैलवानाच्या चेहऱ्याचा सरासरी रंग काढून हिरोला चढवते आणि त्या सरासरीत माती मोजली जाते. माती मास्कमधून वगळा, किंवा रंग फक्त स्वच्छ राहिलेल्या कपाळाच्या पट्ट्यावरून घ्या. माती नंतर वरून वेगळ्या थराने परत आणा, नाहीतर लढून उठलेला हिरो नुकताच आंघोळ केल्यासारखा दिसेल. ही सरासरी शॉटला एकच ठेवा. फ्रेमगणिक काढली तर हात चेहऱ्यासमोरून गेला की रंग उडी मारतो.

आखाडा७२
मातीत हळद, ताक, तेल, लिंबू असतं. अंगाला लागली की चमक मारते. कपाळ स्वच्छ दिसलं तरी तेलाने चकाकतं, तिथून कसला रंग घेताय!

पंचगंगा_कंपोझिट
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकांचं बरोबर आहे, चकाकणारे ठिपके सोडून रंग घ्या.

शाहूपुरी_टॉकीज
एवढा उपद्व्याप कशाला? शेवटी सगळ्यावर एक लट टाक, सगळे शॉट एकसारखे होतील.

पंचगंगा_कंपोझिट
लट चेहऱ्याला आणि मागच्या भिंतीला सारखाच लागतो. दोघांतला फरक तसाच राहणार. उलट क्रम ठेवा: आधी सगळे शॉट एका शॉटशी जुळवा, मग स्वॅप, आणि फिल्मचा लूक सर्वात शेवटी.

आडवा_डाव
एक शॉट अजून अडलाय. पैलवान बाहेरच्या उन्हातून दारातून आत येतो, कट नाही, सलग आहे. शॉटला एकच सरासरी ठेवली तर बाहेर चेहरा मळकट आणि आत दिव्यासारखा.

पंचगंगा_कंपोझिट
तिथे एकच सरासरी चालणार नाही. आजूबाजूच्या पंधराएक फ्रेमची सरकती सरासरी घ्या, म्हणजे रंग उजेडाबरोबर बदलत जाईल. फक्त ती खिडकी शॉटच्या दोन्ही टोकांच्या कटवर थांबवा, नाहीतर तोच जुना आजार रंगात येईल.

आडवा_डाव
केलं. बरंच सुधारलं. पण उंबऱ्यावर पैलवानाचा अर्धा चेहरा उन्हात आणि अर्धा अंधारात आहे, हिरोचा मात्र सपाट.

पंचगंगा_कंपोझिट
रंग जुळवून उजेडाची दिशा बदलत नाही. हिरोचे सोर्स फोटो समोरून दिवा लावून काढलेत ना? त्याला खिडकीच्या कडेला उभा करून, ऊन डावीकडून घेऊन पुन्हा शूट करा आणि तेच फुटेज या शॉटला वापरा.

आडवा_डाव
हिरो पुण्यात आहे, नाटकाच्या तालमीत.

गुळाची_ढेप
मग उंबऱ्यावर कट मारून पाय दाखवा की.

शाहूपुरी_टॉकीज
सलग शॉटची मजाच गेली मग. मी असतो तर हाताने सावली रंगवली असती, चाळीस-पन्नास फ्रेमचंच तर काम.

पंचगंगा_कंपोझिट
डोकं वळत असताना रंगवलेली सावली नाकावरून घसरते. करून बघा, पण मला भरवसा नाही. हिरोला फोनवर पुण्यातच खिडकीत रेकॉर्ड करायला सांगा. ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून.

बिंदूचौक_९
मोबाईलवर चेहरा गोरा करायचं फुकट ॲप कुठलं चांगलं?

आडवा_डाव
@पंचगंगा, हिरोला मेसेज टाकलाय. डोकं किती अंशात फिरवायला सांगू?

पंचगंगा_कंपोझिट
अंश वगैरे नको. पैलवानाचा तोच शॉट त्याला पाठवा आणि म्हणावं, याच्यासारखा चालत ये, मान अशीच वळव. ऊनही त्याच बाजूने हवं, म्हणजे सकाळ की संध्याकाळ ते त्याची खिडकी कुठल्या दिशेला आहे यावर ठरेल.