आईचा फोन आधी 'कव्हरेजबाहेर', मग 'बंद', भावाला तर 'अस्तित्वात नाही' – नेमकं काय समजायचं?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जमलं तर लवकर सांगा, जीव थाऱ्यावर नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला असते. आई पाटोदा तालुक्यात गावाकडे एकटीच राहते, वय सत्तरच्या पुढे. साधा बटणांचा फोरजी फोन आहे. आज सकाळी रिंग गेली पण तिने उचलला नाही, तेव्हा काही वाटलं नाही, गोठ्यात असेल म्हटलं. अकराच्या सुमारास लावला तर "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे". दुपारभर तेच. आणि आता साडेतीनपासून "आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे".

भाऊ लातूरला असतो, त्याचं सिम वेगळ्या कंपनीचं. त्याला मात्र पहिल्यापासून "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, कृपया तपासून पहा" असंच ऐकू येतंय. तो म्हणतो, फोन कुणीतरी नेला आणि सिम काढून टाकलं. आईला फोन बंद करता येतच नाही, ती लाल बटण फक्त बोलणं संपल्यावर दाबते. मग "बंद" कसा? तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकून कशावर विश्वास ठेवू?

उदगीरी_बाणा

ताई, सोपं आहे. बंद म्हणजे बंद, कुणीतरी बटण दाबलंच. कव्हरेजबाहेर म्हणजे फोन चालू आहे पण रेंज नाही. आणि अस्तित्वात नाही म्हणजे भावाला ब्लॉक केलेलं असतं. माझ्या मेव्हण्याने मला ब्लॉक केलं तेव्हा असंच काहीतरी म्हणायचं.

बालाघाटची_लेक

आई भावाला ब्लॉक करेल का हो? तिला नंबर सेव्ह करायला शेजारचा मुलगा लागतो.

जुना_एक्सचेंजवाला

ताई, आधी एक काम करा, समजून नंतर घ्या. गावातल्या दोन माणसांना फोन लावा. एक आईच्याच कंपनीचं सिम असलेला, दुसरा वेगळ्या कंपनीचं. त्यातला कोण लागतो ते इथे लिहा. आणि आईच्या नंबरवर एक साधा एसएमएस टाकून ठेवा, पण त्याआधी तुमच्या मेसेजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा. आईचा फोन नेटवर्कवर आला की तो मेसेज पोचेल आणि तुम्हाला रिपोर्ट येईल. दर पाच मिनिटांनी फोन लावत बसायची गरज राहणार नाही.

संध्याकाळपर्यंत कुणाचाच पत्ता लागला नाही तर ११२ ला कळवायला संकोच करू नका.

सर_हिंगोली

आमच्या शाळेच्या लँडलाइनवरून पालकांचे मोबाइल लागंनात. सतत काहीतरी टेप वाजायलीय. हाच प्रकार आहे का?

जुना_एक्सचेंजवाला

सर, तुमचं वेगळं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावा लागतो. टेप नीट शेवटपर्यंत ऐका, तेच सांगत असेल.

बालाघाटची_लेक

काका, केलं. शेजारच्या काकूंचं सिम आईच्याच कंपनीचं, त्यांचाही फोन कव्हरेजबाहेर. किराणा दुकानदाराचा वेगळ्या कंपनीचा, तो पहिल्या फटक्यात लागला! तो स्वतः घरी जाऊन आला. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आता कुठे श्वास घेतला. तो म्हणाला गावात सकाळपासून लाइट नाही आणि त्या कंपनीचा टॉवरच बंद पडलाय.

पण एक कळेना. त्याने आईचा फोन हातात घेऊन पाहिला. फोन चालू होता! बॅटरीची एक काडी होती, वर रेंजच्या जागी फुली. आणि मी इकडे "बंद आहे" ऐकत होते.

उदगीरी_बाणा

मग कंपनीने खोटंच सांगितलं की.

जुना_एक्सचेंजवाला

खोटं नाही. कंपनीला फोन दिसत नसतो. तिच्याकडे फक्त एक नोंद असते, की हा फोन शेवटचा कुठल्या भागात होता आणि त्याने शेवटचं काय कळवलं. टेप त्या नोंदीवरून वाजते.

तुम्ही बटण दाबून फोन बंद करता तेव्हा तो बंद होण्याआधी टॉवरला एक निरोप धाडतो, की मी चाललो. बॅटरी उतरून फोन आपोआप बंद झाला तरी बहुतेक वेळा तो हा निरोप देऊनच जातो. फ्लाइट मोड लावला तरी तेच. अशा वेळी तुम्ही कॉल केलात तर कंपनी त्या फोनला शोधतच नाही, नोंद बघते आणि लगेच "बंद आहे" सांगते. नीट ऐकलंत तर ही टेप पटकन येते.

कव्हरेजबाहेरचं उलटं. नोंदीप्रमाणे फोन हजर असतो, म्हणून त्या भागातल्या टॉवरवरून त्याला हाका मारल्या जातात. काही सेकंद वाट बघून ओ आली नाही की मग "कव्हरेजबाहेर". म्हणून ही टेप यायच्या आधी थोडी शांतता असते. आता ओ का आली नाही, हे कंपनीला ठाऊक नसतं. माणूस दरीत असेल, टॉवर बंद पडला असेल, कुणी चालू फोनची बॅटरीच उपसून काढली असेल, फोन विहिरीत पडला असेल, सगळ्यांना टेप एकच. आणि हेही लक्षात घ्या, की रेंज नसलेल्या जागी बटण दाबून फोन बंद केला तर निरोप पोचतच नाही. म्हणजे तो खरंच बंद असूनही "कव्हरेजबाहेर" ऐकू येईल. उदगीरकर, कव्हरेजबाहेर म्हणजे फोन चालू, असं धरून चालू नका.

बालाघाटची_लेक

पण मग आईच्या फोनने निरोप दिला नसताना साडेतीनला "बंद" का झालं?

जुना_एक्सचेंजवाला

मुद्द्याचं विचारलंत. फोन वापरात नसला तरी त्याला ठरावीक वेळाने टॉवरकडे हजेरी लावावी लागते. ही मुदत कंपनी ठरवते. फोरजीमध्ये ती मुळात ५४ मिनिटांची धरलेली आहे, पण कंपन्या ती बदलतात, आणि कुठे कुठे काही तासांची असते. हजेरी चुकली की आणखी थोडा वेळ वाट बघून कंपनी स्वतःच त्या फोनला गैरहजर मांडते. तिथून पुढे हाका मारणं बंद, आणि टेपही बदलू शकते. तुमच्या आईच्या फोनला हजेरी लावायला टॉवरच नव्हता. सकाळी टॉवरची बॅटरी चालली तोवर रिंग गेली, ती संपल्यावर कव्हरेजबाहेर, आणि हजेरीची मुदत उलटल्यावर "बंद". आईने फोनला हातही लावलेला नाही.

म्हणून "आधी कव्हरेजबाहेर आणि काही तासांनी बंद" हा क्रम असेल तर कुणी फोन बंद केला असं समजू नये. रिंग जात असताना एकदम "बंद" झालं तर मात्र बटण, बॅटरी किंवा फ्लाइट मोड.

गोदाकाठ

एक भर घालतो. वडील पैठणला दवाखान्यात होते तेव्हा मला "बंद" आणि बहिणीला त्याच मिनिटाला "संपर्क होऊ शकत नाही" ऐकू येत होतं. आमच्यात भांडण व्हायची वेळ आली होती, की कोण खरं बोलतंय.

जुना_एक्सचेंजवाला

दोघंही खरं बोलत होतात. कॉल एका कंपनीतून दुसरीत जातो तेव्हा काही वेळा पलीकडची कंपनी टेप वाजवत नाही, नुसता एक आकडा परत पाठवते. २० हा आकडा म्हणजे ग्राहक हजर नाही. बंद आहे की रेंजबाहेर, हे त्यात येत नाही. मग तुमची कंपनी त्या आकड्यावर स्वतःची ठरलेली टेप लावते. त्यामुळे शब्दांवर फार जाऊ नका. त्याच कंपनीच्या सिमवरून लावलेल्या कॉलची टेप त्यातल्या त्यात जास्त भरवशाची.

पण नंबर अस्तित्वात नाही याचा आकडा १, तो या सगळ्यापासून वेगळा. त्याचा फोन चालू-बंद असण्याशी संबंधच नाही. सिम काढून फेकलं तरी नंबर अस्तित्वात राहतो. आणि ब्लॉकचं म्हणाल तर साध्या ब्लॉकमध्ये कॉल आईच्या फोनपर्यंत पोचतो आणि फोनच तो कापतो, मग बिझी वगैरे येतं. ही टेप येते ती जिथे कॉल गेला तिथे त्या नंबरची नोंदच सापडली नाही म्हणून. ताई, आईचं सिम अलीकडे पोर्ट केलंय का?

बालाघाटची_लेक

हो! आठवडी बाजारात छत्री लावून बसतात त्यांच्याकडून, रिचार्ज स्वस्त पडतो म्हणून. नंबर तोच ठेवला. मी त्यानंतर रोज बोलते आहे. भावाने मात्र तेव्हापासून आजच लावला.

जुना_एक्सचेंजवाला

मग मला तिथेच शंका आहे. नंबरावरून आता कंपनी कळत नाही, म्हणून कॉल करणाऱ्याची कंपनी आधी पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत बघते, की हा सध्या कुणाकडे आहे. भावाच्या कंपनीकडच्या यादीत बदल चढला नसेल तर कॉल आईच्या जुन्या कंपनीकडे जातो. तिने नोंद पुसलेली, ती सांगणार अस्तित्वात नाही. तुमच्या कंपनीची यादी ताजी आहे, म्हणून तुम्हाला लागतं.

खात्री अशी करा. भावाने नंबर सेव्ह केलेल्यातून नाही, दहाही आकडे हाताने दाबून लावावा. मग त्याच्याच कंपनीचं दुसऱ्या कुणाचं सिम घेऊन लावावा. दोन्हीकडून तीच टेप आली तर भावाने स्वतःच्या कंपनीच्या १९८ वर तक्रार द्यायची, आईच्या कंपनीकडे नाही. "पोर्ट झालेल्या नंबरवर कॉल जात नाही" हेच शब्द वापरा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नाहीतर ते फोन बंद करून चालू करा इतकंच सांगतील.

गोदाकाठ

पोर्ट न करताही हे होतं, सांगून ठेवतो. आमच्या आजोबांचा नंबर नुसता पडून होता, तोही शेवटी अस्तित्वात नाही म्हणू लागला.

जुना_एक्सचेंजवाला

बरोबर. ९० दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट काहीच वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात. पुढे तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो, तेव्हा बँकेत जोडलेला असेल तर आधी तिथून काढा.

बालाघाटची_लेक

संध्याकाळी लाइट आली, डिलिव्हरी रिपोर्ट आला, लगेच लावला आणि आईशी बोलले. तिला काही पत्ताच नव्हता.

भावाने हाताने आकडे दाबून बघितले, ऑफिसातल्या माणसाच्या सिमवरूनही बघितलं. तीच टेप. तक्रार दिली आहे. पण काका, एक कोडं राहिलंच. त्याचा मित्र मुंबईला आहे, सिम भावाच्याच कंपनीचं, आणि त्याचा कॉल मात्र आईला व्यवस्थित लागतो. यादी एकाच कंपनीची, मग असं का?

जुना_एक्सचेंजवाला

मुंबई आणि बाकीचा महाराष्ट्र ही कंपन्यांसाठी दोन वेगळी सर्कल. तिकडची यंत्रणा वेगळी असेल आणि तिथे बदल चढला असेल, असा माझा अंदाज. आतून बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. पण ही माहिती तक्रारीत जरूर घाला, बघणाऱ्याला बिघाड कुठे शोधायचा ते कळेल.

उदगीरी_बाणा

ताई, तक्रारीचं काय झालं ते इथं टाका. माझ्याही मामींचं सिम मागच्या बाजारात पोर्ट केलंय आणि नांदेडच्या पाहुण्यांना त्यांचा फोन लागंना गेलाय.