'काही अडचण?' विचारू नका

> सकाळी ७ च्या शिफ्टची हडल वीस मिनिटं लांबते, आणि 'काही अडचण?' म्हटलं की सगळे गप्प. काय करावं?

भाऊ, प्रश्नच बदला. बुटीबोरीत आमच्या प्रेस शॉपमध्ये मी विचारतो, 'आज मशीन कशामुळे थांबेल?' परवा एकाने सांगितलं, दुपारी डाय बदलायची आहे आणि नेमका तेव्हाच क्रेनवाला जेवायला जातो. टार्गेट मिनिटाला एक नग, जेवण वगळून ४५० मिनिटांचे ४५०. डाय बदलायला ४५ मिनिटं, म्हणजे खरे ४०५. आधी हे संध्याकाळी कळायचं, तेही शिव्या खाऊन. त्या दिवशी क्रेनवाल्याचं जेवण पुढे ढकललं आणि फळ्यावर सकाळीच ४०५ लिहिलं.

फळ्यावर अडचणीसमोर ती सोडवणाऱ्या एकाचंच नाव आणि वेळ लिहा. उपायाची चर्चा तिथे नको, हडल लांबते ती त्यानेच. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून सुरुवात करा, नाहीतर माणसं पुन्हा गप्प होतात.

सुरक्षेचं एकच सांगा, पण आजच्या कामाचं. आमचं त्या दिवशीचं: डायमध्ये हात घालण्याआधी सेफ्टी ब्लॉक लावा, मेन स्विचला कुलूप घाला, चावी हात घालणाऱ्याच्याच खिशात. मे महिन्यात मात्र पिण्याचं पाणी भरलं का, हेही विचारतो. पत्र्याच्या शेडमधला उकाडा नागपूरकरांना काय सांगायचा!