मदत हवी आहे: उन्हातील टेनिससाठी टोपी आणि सदरा

नागपुरात मे महिन्यात सकाळी आठपासून जवळजवळ दुपारपर्यंत चालणाऱ्या दुहेरी सामन्यांसाठी टोपी निवडताना मी अडलो आहे. कोर्ट सिमेंटचे असल्याने ऊन वरून लागतेच, शिवाय खालूनही तिरीप डोळ्यांवर येते.

पांढरी सुती टोपी घामाने जड होते आणि तिच्या पुढच्या झापेची खालची बाजूही पांढरी असल्याने जमिनीवरचा उजेड तिथून परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. नुसत्या झापेचा व्हायझर हवेशीर वाटला, पण केस विरळ असल्याने टाळू भाजली. गोल्फची रुंद काठाची टोपी मानेला उत्तम सावली देते. मात्र सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला की नेमका तो काठाआड जातो. गोल्फमध्ये नजर बहुधा खाली असते, त्यामुळे तिथे ही अडचण जाणवत नसावी.

मला नंबरचा चष्मा आहे आणि क्लबच्या नियमानुसार कपडे पांढरेच हवेत. सुती सदरा ओला होऊन अंगाला चिकटतो, म्हणून सैल, पूर्ण बाह्यांचा, अतिनील किरण अडवणारा यूपीएफ ५० दर्जाचा पॉलिएस्टर सदरा घेण्याचा विचार आहे.

झाप खालून गडद आणि जाळी फक्त दोन्ही बाजूंना असलेली टोपी कोणी वापरली आहे का? सर्व्हिस करताना चेंडू दिसावा आणि तिरीपही अडावी, यासाठी झाप किती लांब असावी? आणि असा पूर्ण बाह्यांचा सदरा कोरड्या उन्हात सुती सदऱ्यापेक्षा खरोखर गार राहतो का?