शब्दचर्चा : ‘एक दशांशाने’ की ‘एक दशांशावर’? (डबाबंद पदार्थांच्या गणितातले डी, झेड आणि एफ)

नेरूळची विद्यार्थिनी
नमस्कार. मी गेटच्या फूड टेक्नॉलॉजीची तयारी करते आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे टिपणं मराठीतच काढते. कालच्या एका गणिताचं उत्तर माझं साफ वेगळं आलं आणि मला वाटतं चूक आकडेमोडीत नसून मी लिहिलेल्या मराठी वाक्यात आहे.

गणित असं : मटारचा डबा ५०० ग्रॅमचा, दर ग्रॅममध्ये १० बीजाणू. १२१ अंश सेल्सिअसला डी १ मिनिट, झेड १० अंश. दहा हजारात एकापेक्षा जास्त डबा नासता कामा नये. तर ११५ अंशांवर किती मिनिटं लागतील?

माझं टिपण : ‘डी म्हणजे सूक्ष्मजीव एक दशांशाने कमी व्हायला लागणारा वेळ.’ त्यावरून मी दर मिनिटाला ०.९ ने गुणत गेले. तापमान बदलण्याआधीच, १२१ अंशांवरच, १६८ मिनिटं आली. एवढा वेळ शिजवल्यावर मटार उरणार कसा? कुठे चुकलं?

कोपरीचे मास्तर
बाळ, तुझी आकडेमोड बरोबर आहे, विभक्ती चुकली आहे. ‘पगार एक दशांशाने कमी झाला’ म्हणजे शंभराचे नव्वद झाले. ‘पगार एक दशांशावर आला’ म्हणजे शंभराचे दहा राहिले. डीमध्ये दुसरा अर्थ आहे. तू ‘ने’ लिहिलंस आणि त्या ‘ने’शी प्रामाणिक राहिलीस, म्हणून १६८ आले. वाक्य असं लिही : ‘डी म्हणजे जिवंत बीजाणू एक दशांशावर यायला लागणारा वेळ.’

मी चौतीस वर्षं ठाण्यात गणित शिकवलं. शेकडेवारीत मुलं याच जागी अडखळायची.

आता हेही लिहून ठेव : बारा डी म्हणजे जंतू बारापट कमी. आणि झेड फॅरेनहाइटमध्ये विचारला तर १० सेल्सिअसचे ५० फॅरेनहाइट कर.

तुर्भे, रिटॉर्ट विभाग
मास्तर, ‘ने’ आणि ‘वर’चा मुद्दा तुम्ही इतका नेमका सांगितलात की उद्या शिफ्टवर मुलांना हाच दाखला देईन. पण शेवटची दोन्ही वाक्यं तिला लिहू देऊ नका.

बारापट कमी म्हणजे बाराव्या भागावर. बारा डी म्हणजे दहाने भागायचं, पुन्हा दहाने भागायचं, असं बारा वेळा. एकावर बारा शून्यं इतकी ती घट आहे. ‘पट’ आणि ‘वेळा’ इथे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

झेडचं तर त्याहून नाजूक आहे. झेड हे तापमान नाही, दोन तापमानांतलं अंतर आहे : तापमान तेवढं वाढलं की डी एक दशांशावर येतो. थर्मामीटरवर १० सेल्सिअस दिसले तर ते ५० फॅरेनहाइट, हे खरं. पण तापमान १० अंशांनी *वाढलं*, तर फॅरेनहाइटमध्ये ते १८ अंशांनी वाढतं. रूपांतराच्या सूत्रातले ३२ इथे मिळवायचे नसतात. म्हणून जुन्या पुस्तकांत झेड १८ दिसतो.

ताई, तुमचं गणित सावकाश करू. डब्यात एकूण बीजाणू ५०००. शेवटी हवेत दहा हजार डब्यांत मिळून एक, म्हणजे डब्यामागे ०.०००१. खाली N0 म्हणजे सुरुवातीचे बीजाणू, N म्हणजे शेवटचे, आणि F म्हणजे त्या तापमानावर लागणारी मिनिटं.

```
F121 = D × (log N0 − log N)
     = 1 × (3.7 − (−4)) = 7.7 min
F115 = 7.7 × 10^((121−115)/10)
     = 7.7 × 3.98 = 30.6 min
```

१२१ अंशांवर पावणेआठ मिनिटांच्या आसपास, ११५ वर साधारण साडेतीस. सहा अंश खाली आलो तर वेळ चौपट झाला.

आता मास्तरांचा ५० घालून बघा. ६ अंश सेल्सिअस म्हणजे १०.८ अंश फॅरेनहाइटचं अंतर. त्याला १८ ने भागलं की ०.६ येतात, वरच्या सूत्रातला दहाचा घातांक तोच. ५० ने भागलं तर जेमतेम ०.२२, आणि वेळ निघतो पावणेतेरा मिनिटांच्या आत. तेवढ्यावर ११५ अंशांचा रिटॉर्ट, म्हणजे डबे दाबाखाली तापवायचं भांडं, थांबवलं तर प्रत्येक डब्यात सरासरी तीन बीजाणू जिवंत राहतील. पेपरात दोन गुण जातील. गोदामात फुगलेल्या डब्यांच्या थप्प्या दिसतील.

कोपरीचे मास्तर
मान्य. अंतर आणि स्थान यांत मी गल्लत केली. आणि याच्या मुळाशीही भाषाच आहे, बघा. आपण ‘अंश’ तापमानालाही म्हणतो, अपूर्णांकाच्या वरच्या आकड्यालाही म्हणतो, आणि ‘दशांशा’तही तोच अंश. ‘दहा अंश’ आणि ‘दशांश’ एकाच वाक्यात आले की मुलगी गोंधळणारच.

नेरूळची विद्यार्थिनी
सर, मी खरंच झेडच्या टिपणात ‘दहा अंशांनी तापमान वाढवल्यास डी दशांशाने घटतो’ असं लिहिलं आहे. तिथेही ‘ने’च!

आणि आणखी एक कबूल करते. दुसऱ्यांदा सोडवताना ५००० न घेता नुसते १० घेतले होते. उत्तर बरोब्बर ५ मिनिटं आलं, म्हणून बरोबरच असेल असं वाटलं.

तुर्भे, रिटॉर्ट विभाग
गणित देणारा १० मुद्दाम देतो, ताई. ‘दर ग्रॅम’ आणि ‘दर डबा’ हे दोन शब्द अधोरेखित करायची सवय लावा. अट डब्यांवर आहे ना? मग सुरुवातही डब्यापासून करायची. तुमच्या ५ मिनिटांनी ५००० चे ०.०५ होतात. म्हणजे शंभरात पाच डबे नासतील, आणि आपल्याला हवा आहे दहा हजारात एक.

०.०५ बीजाणू म्हणजे बीजाणूचा तुकडा नव्हे, एवढं लक्षात ठेवा. ती शक्यता आहे.

ऐरोली पूर्व
चर्चा छान चालली आहे, सगळं वाचलं. माझा साधा प्रश्न. आमच्याकडे सुरमई स्वस्त मिळाली की मी काचेच्या बरणीत घालून कुकरमध्ये ठेवणार आहे. कुकरमध्ये १२० अंश होतात असं ऐकलं. तर पावणेआठ मिनिटं म्हणजे किती शिट्ट्या?

तुर्भे, रिटॉर्ट विभाग
दादा, हे करू नका. मनापासून सांगतो. कुकरच्या वाफेचं तापमान १२० च्या आसपास जातं हे खरं, पण गणितातली मिनिटं वाफेची नाहीत, बरणीत सगळ्यांत उशिरा तापणाऱ्या जागेची आहेत. घट्ट भरलेल्या माशात ती जागा मधोमध असते. बाहेर शिट्ट्या वाजत असताना आत काय तापमान आहे ते तारेचं थर्मामीटर आत खुपसल्याशिवाय कळत नाही. मटारसारखा पाण्यातला माल असेल तर ती जागा मध्याच्या थोडी खाली सरकते. आम्ही प्रत्येक नव्या मालासाठी डब्याला भोक पाडून तार आत घालतो, आणि वाचन घेतल्यावरच वेळ ठरवतो.

मासा आम्लधर्मी नाही आणि बंद बरणीत हवा नाही. बोट्युलिनम या जीवघेणं विष करणाऱ्या जंतूला तेच लागतं. सुरमई फ्रीझरमध्ये ठेवा.

ऐरोली पूर्व
बरं झालं विचारलं. फ्रीझरच.

वागळे इस्टेटवाली
मला ‘एफ’ या अक्षराबद्दल लिहायचं आहे. मी आंब्याच्या रसाच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. भिंतीवर कागद होता : ‘एफ ५’. एवढंच. नवीन मुलगा आला, चांगला शिकलेला. त्याने पुस्तकातल्याप्रमाणे एफ म्हणजे १२१ अंशांवरची मिनिटं असं धरलं आणि लॅबच्या छोट्या रिटॉर्टमध्ये चार डबे लावले. डबे उघडले तेव्हा रस तपकिरी आणि वास गूळ लागल्यासारखा. तो पोरगा रडवेला झाला होता. त्याची काय चूक? हापूसच्या रसाचा पीएच ४.६ च्या बराच खाली, म्हणजे रस आम्लधर्मी, त्याला कमी तापमान पुरतं. आमचा एफ ९३ अंशांवरचा होता, आणि झेडही १० नव्हता, ८.९ होता. कागद लिहिणाऱ्याने दोन्ही लिहायला हवं होतं. वरिष्ठांनी मात्र मुलालाच बोल लावला.

तुर्भे, रिटॉर्ट विभाग
वागळेताई, तुमचा राग रास्त आहे. नुसतं ‘एफ ५’ म्हणजे ‘पाचला निघतो’ म्हणण्यासारखं. पहाटेचे की संध्याकाळचे ते सांगायला हवं. एफखाली बारीक शून्य लिहिलं असेल तरच १२१.१ अंश आणि झेड १० असं समजायचं. आम्ही त्याला ‘एफ नॉट’ म्हणतो. शून्य नसेल तर तापमान आणि झेड शोधा, आणि सापडलं नाही तर विचारा.

नेरूळच्या ताईंना पुढे नक्की पडेल असा प्रश्न आधीच सांगतो. बोट्युलिनमचा डी १२१ अंशांवर ०.२१ मिनिट. बारा डी म्हणजे २.५२ मिनिटं, आणि व्यवहारात ३ धरतात. तुमच्या मटाराला मात्र बाराऐवजी ७.७ डीच दिले, तरी वेळ ७.७ मिनिटं. कमी डी आणि जास्त मिनिटं, हे कसं? कारण तो डी दुसऱ्या, जास्त चिवट बीजाणूचा आहे. तो माणूस मारत नाही, माल नासवतो. त्याच्यासाठी दिलेल्या ७.७ मिनिटांत बोट्युलिनमचे छत्तीस डी होऊन जातात. म्हणून ‘किती डी’ विचारलं की लगेच विचारायचं, कोणाचे?

घोडबंदर रोड
मी भाषांतराचं काम करते, म्हणून शब्दापुरतं. ‘डी मूल्य’ आणि ‘डीची किंमत’ दोन्ही चालतील. शाळेच्या गणितात ‘क्षची किंमत काढा’ असंच असतं. पण पूर्ण मराठी नाव हवं असेल तर मी ‘दशमांशकाल’ सुचवेन. ‘दशांश’ म्हटलं की आपल्याला दशांश चिन्ह आठवतं, ‘दशमांश’ म्हटलं की दहावा भाग.

कोपरीचे मास्तर
शब्द देखणा आहे. पण त्यात ‘ने’ की ‘वर’ हे पुन्हा लपलं. दहावा भाग गेला की उरला? ‘नव्वद टक्के मरण्याचा वेळ’ ओबडधोबड आहे, पण चुकू देत नाही.

घोडबंदर रोड
सर, मग तो शब्द राहिला नाही, वाक्य झालं. ‘एफ’चं काय करणार? ‘विशिष्ट तापमानावरच्या इतक्या मिनिटांइतका मारक परिणाम’?

तुर्भे, रिटॉर्ट विभाग
आमच्याकडे मुलं सरळ विचारतात, ‘आज एफ किती मिळाला?’ ‘मिळाला’ हे क्रियापद मला बरोबर वाटतं. रिटॉर्ट तापताना ११० अंशांवर गेलेलं मिनिटही थोडं खात्यात जमा होतं, १२१ वरचं पूर्ण जमा होतं, आणि शेवटी बेरीज मिळते. नावाला मराठी शब्द मला सुचत नाही.

नेरूळची विद्यार्थिनी
टिपण पुन्हा लिहिलं, बघाल का? ‘डी मिनिटांत जिवंत बीजाणू दहाव्या भागावर येतात. तापमान झेडने वाढवलं की डी दहाव्या भागावर येतो. एफ त्या त्या तापमानाचं नाव लावूनच लिहायचा.’

‘दशमांशकाल’ समासात लिहून ठेवला आहे, पेन्सिलीने.

कोपरीचे मास्तर
दुसऱ्या वाक्यात ‘झेडने’च्या जागी ‘झेड अंशांनी’ कर. इथे ‘नी’ बरोबर आहे.